मुलांना मराठी वाचायला कशी लावावी?

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे, अमेरिकेत वाढतेय. दोन वर्षं रविवारच्या मराठी शाळेत जाते. मुळाक्षरं धडाधड म्हणते, पण साधा शब्दसुद्धा वाचता येत नाही. काय चुकतंय?

उत्तर : मी न्यू जर्सीत अशाच एका शाळेत पहिलीचा वर्ग घेते. आधी एक करून बघा. तिला 'गाभमा' असा अर्थ नसलेला शब्द लिहून द्या. अडखळत का होईना वाचला, तर अक्षरं येतात. नाहीतर तिला फक्त तक्ता पाठ आहे. 'अ' बघून तिला अननस आठवतोय.

आमच्याकडे वर्षाला जेमतेम तीस रविवार, तेही दीड-दीड तासांचे. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत जाऊन मग काना-वेलांटी घ्यायची म्हटलं, तर पहिला शब्द वाचेपर्यंत वर्ष सरतं. म्हणून मी ग, म, भ, न या चारच अक्षरांनी सुरुवात करते. चौघांनाही उजवीकडे दांडी आहे, त्यामुळे हात लवकर वळतो. पहिल्याच दिवशी मग, मन, नभ, गगन वाचून होतात. दुसऱ्या रविवारी काना आला की मामा, नाग, मान, भाग. मग व, ब, क. भ आणि म यांची गल्लत होतेच. भ लिहिताना डोक्यावरची रेघ मुद्दाम तुटक काढायला लावते.

खरी अडचण ऱ्हस्व वेलांटीची. उच्चार अक्षरानंतर, खूण मात्र अक्षराआधी. इंग्रजीत जसं ऐकू येईल त्याच क्रमाने लिहायची सवय असलेल्या मुलांना हे पटतच नाही. आमच्या भोंडल्यात हे छान दिसलं. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी झाली, की खिरापत ओळखायची असते. मी ती चिठ्ठीवर लिहून ओळखायला लावते. (शाळेच्या इमारतीत शेंगदाण्याला बंदी, त्यामुळे आमच्या चिवड्यात दाणे नसतात. चालवून घेतो.) एका मुलीने चिठ्ठीत लिहिलं 'चविडा'. सगळे हसले, पण तिचं बरोबरच होतं: आधी च, मग इ, मग व. तिने ऐकलं तसं लिहिलं आणि वेलांटी 'व'च्या वाट्याला गेली.

तेव्हापासून आधी अक्षर लिहायचं, डावीकडे जागा सोडायची आणि वेलांटी मागाहून काढून वरून अक्षरावर आणायची, असं शिकवते. वाचताना वेलांटीवर बोट ठेवून पुढचं अक्षर बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. दीर्घ वेलांटी आधी घेतली तर आणखी सोपं जातं, कारण ती उच्चाराच्या क्रमानेच येते: नानी, मामी, काकी.

'चार चाकं' यातल्या दोन 'च'चे उच्चार वेगळे का, हे ती विचारेलच. त्याला लिपीत उत्तर नाही, कानालाच सवय लावावी लागते. भोंडल्याची गाणी तिथे तक्त्यापेक्षा जास्त कामी येतात.

घरी रोज दहा मिनिटं पुरे, पण चित्र झाकून.