हॉस्पिटलची औषध समिती नवीन औषध घ्यायचं की नाही हे कसं ठरवते?

"आमच्या तालुक्याच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बाळंतपणानंतरचं नवं, फ्रीज न लागणारं इंजेक्शन समितीनं सगळीकडे घ्यायला नकार दिला. स्वस्त तेच घेतात का? हे ठरवतात तरी कसं?"

स्वस्त ते घेतलं असं सहसा नसतं. तुम्ही म्हणता ते बहुधा उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन. जुनं म्हणजे ऑक्सिटोसिन. दोन्ही बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळावं आणि रक्तस्राव थांबावा म्हणून देतात. अशा अर्जावर समितीत काय चालतं ते सांगतो.

बैठकीत डॉक्टर, फार्मासिस्ट, मेट्रन आणि हिशेबाचा माणूस बसतो. फार्मासिस्टचा पहिला प्रश्न असतो: हे आलं तर यादीतून काय निघेल? इथेच पहिली अडचण येते. कार्बेटोसिन 100 मायक्रोग्रॅमचा एकच डोस द्यायचा असतो आणि तोही बाळ जन्मल्यावरच. त्याचा असर लांबतो, म्हणून कळा सुरू करायला किंवा वाढवायला ते चालत नाही. डोस देऊनही रक्त थांबलं नाही तर पुढच्या उपचारासाठी ऑक्सिटोसिनचं सलाईन लागतंच. म्हणजे जुनं औषध काढता येत नाही, दोन्ही ठेवावी लागतात. आणि दोन्ही एका ट्रेमध्ये असली तर रात्रीच्या घाईत बाळ पोटात असतानाच कार्बेटोसिन टोचलं जाण्याचा धोका असतो. मेट्रनचा आक्षेप बहुतेक हाच असतो आणि तो रास्त आहे.

मग पुरावा. 2018 मध्ये 10 देशांतल्या सुमारे 30 हजार बाळंतिणींवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला कार्बेटोसिन दिलं, दुसऱ्याला ऑक्सिटोसिन. 500 मिलीलिटर किंवा जास्त रक्त जाणं, किंवा आणखी औषध द्यावं लागणं, हे दोन्ही गटांत शंभरात साधारण 14-15 जणींना झालं. औषध कंपनीचा एमआर हा कागद पुढे करतो तेव्हा एक गोष्ट विचारायची असते: त्या अभ्यासातलं ऑक्सिटोसिन कसं ठेवलं होतं? ते नीट थंड ठेवलेलं होतं. म्हणजे चांगल्या ऑक्सिटोसिनपेक्षा नवं सरस ठरलेलं नाही, बरोबरीचं ठरलं. नव्याचा फायदा जिथे ऑक्सिटोसिन खराब होतं तिथेच.

आणि आपल्याकडे ते होतं. ऑक्सिटोसिनला 2 ते 8 अंश लागतात. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, दुपारी लाईन जाते, आणि सकाळी ट्रेमध्ये काढलेल्या अँप्युल रात्रीपर्यंत लेबर रूममध्येच पडून राहतात. औषध दिसायला तसंच स्वच्छ पाण्यासारखं असतं, जोर मात्र उतरलेला. डोळ्यांनी कळत नाही. कळतं ते नोंदीतून: उन्हाळ्यात दुसरं औषध द्यावं लागलेल्या बाळंतिणी वाढल्या तर आधी साठवणुकीवर संशय घ्यावा. नव्या औषधावरही 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. 40 अंशांवर ते काही महिने तग धरतं, पण पत्र्याच्या खोलीत वर्षभर ठेवायचं नाही.

आता पैसे. आकडे समजुतीसाठी धरतो: ऑक्सिटोसिनचे एका बाळंतिणीमागे 15 रुपये, कार्बेटोसिनचे 120. महिन्याला 60 डिलिव्हऱ्या म्हणजे वर्षाला 720. जुन्याला 10,800 रुपये, नव्याला 86,400. फरक 75,600 चा. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात स्टॅबिलायझर, किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि लेबर रूमसाठी बर्फाच्या पिशव्यांचा डबा येत असेल, तर मुख्य हॉस्पिटलात फ्रीजच सुधारणं शहाणपणाचं. फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं आणि अँप्युल बर्फाच्या कप्प्याला चिकटू द्यायच्या नाहीत, गोठलेलं औषधही वापरू नये.

पण त्याच ट्रस्टचं आडवळणाचं उपकेंद्र असेल, महिन्याला 6 डिलिव्हऱ्या आणि विजेचा भरवसा नाही, तर वर्षाला फरक फक्त 7,560 चा. तिथे कार्बेटोसिन द्यावं, असं माझं स्पष्ट मत. तिथली नर्स कळा वाढवायचं सलाईन लावतच नाही, त्यामुळे गल्लतीचा धोकाही कमी. रक्त थांबलं नाही तर मात्र वरच्या हॉस्पिटलात हलवण्याची गाडी आणि सोय आधी ठरलेली हवी.

म्हणून समितीचा निकाल पुष्कळदा "मंजूर" किंवा "नामंजूर" असा नसतो, "फक्त या ठिकाणी, या अटीवर, सहा महिन्यांसाठी" असा असतो. अटीत काय मोजायचं तेही लिहितात: बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी घालून गेलेलं रक्त, दुसरं औषध लागलेल्या बायका, आणि चुकून आधी टोचल्याची एकही घटना. तुमच्या हॉस्पिटलात उपकेंद्राचा वेगळा विचार झाला का, आणि फ्रीजची वही भरली जाते का, हे दोन प्रश्न समितीच्या सचिवांना, म्हणजे बहुधा फार्मासिस्टनाच, विचारा.