अवतरण आपल्या वाक्यात बसवताना चौकटी कंस कुठे टाकायचा?

प्रश्न: प्रबंधासाठी मुलाखत घेतलेल्या एका आजींचं वाक्य आहे: “मी लग्न होऊन इथे आले तेव्हा विहिरीला पाणी होतं, पण आम्हाला ते भरू देत नव्हते.” हे माझ्या वाक्यात घ्यायचं तर ‘मी’चं ‘त्या’ करावं लागतं, मग क्रियापद बिघडतं. मार्गदर्शक म्हणतात, अवतरणात एक अक्षर बदलायचं नाही. मग चौकटी कंस कशासाठी असतो?

उत्तर:

तुमच्या मार्गदर्शकांचं बरोबर आहे. चौकटी कंस म्हणजे बदल करायचा परवाना नव्हे, ती बदलाची कबुली आहे. अवतरणचिन्हांच्या आत जे आहे ते बोलणाऱ्याचं, आणि त्यातलं चौकटीत जे आहे ते माझं, एवढंच तो सांगतो. म्हणून तिथे गोल कंस चालत नाही. गोल कंस मूळ लेखकानेही टाकलेला असू शकतो, त्यामुळे तो कोणाचा हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. (मराठी प्रबंधांत गोल कंसच का दिसतात, याचं माझ्या मते एक साधं कारण कळफलकात आहे. इन्स्क्रिप्टमध्ये चौकटी कंसांच्या कळांवर ‘ड’ आणि नुक्ता बसलेले असतात. कंसासाठी दरवेळी इंग्रजीत जायचा कंटाळा येतो, आणि हात गोल कंसाकडे वळतो.)

आता तुमचं वाक्य घेऊ. मी मुद्रितं तपासण्याचं काम करतो. अशा वाक्याचं पहिल्या खर्ड्यात साधारण काय होतं, ते मला पाठ झालंय:

> आजी सांगतात की “[त्या] लग्न होऊन [गावात] [आल्या] तेव्हा विहिरीला पाणी होतं, पण [त्यांना] [गावकरी] भरू देत नव्हते.”

व्याकरण चोख आहे. एका वाक्यात पाच चौकटी, म्हणजे दिसायला चाळणी, पण ते सोडून देऊ. खरी गडबड अर्थात झाली आहे, आणि तीही दोन ठिकाणी.

पहिली ‘आम्हाला’मध्ये. आजींनी सुरुवात ‘मी’ने केली आणि पुढे ‘आम्हाला’ म्हटलं. एकीचं लग्न झालं, पण पाणी अनेकींना किंवा अनेकांना नाकारलं गेलं. मराठीत आदरार्थी एकवचन आणि अनेकवचन यांचं रूप एकच असतं. ‘त्यांना’ म्हणजे एकट्या आजींना की सगळ्यांना, हे त्या शब्दावरून कळत नाही. वर ‘[त्या]’ नुकतंच एकट्या आजींसाठी येऊन गेलंय, म्हणजे वाचणारा ‘[त्यांना]’ही त्यांच्याच नावावर लावणार. अख्ख्या वस्तीची तक्रार एका बाईची झाली, आणि व्याकरणाच्या दृष्टीने कुठेच खटकलं नाही.

दुसरी ‘ते’मध्ये. “आम्हाला ते भरू देत नव्हते” यातलं ‘ते’ म्हणजे पाणी की माणसं? ‘ते (पाणी) भरू देत नव्हते’ असंही वाचता येतं, मग अडवणारे कोण हे आजींनी सांगितलेलंच नाही. ‘ते (लोक) भरू देत नव्हते’ असंही वाचता येतं. ‘ते’ काढून ‘[गावकरी]’ लिहिलंत, की तुम्ही दोन अर्थांपैकी एक निवडला, वर त्या माणसांना नावही दिलं. मुलाखतीत पुढेमागे आजींनी स्वतः ते सांगितलं असेल तर हरकत नाही. नसेल, तर तो तुमचा निष्कर्ष आहे. त्याची जागा अवतरणाबाहेर, तुमच्या स्वतःच्या वाक्यात.

मग करायचं काय? बहुतेक वेळा कंसच लागत नाही. मराठीत ‘असं’ आणि ‘की’ हे दोन शब्द बोलणाऱ्याचं ‘मी’ जसंच्या तसं पोटात घेतात. “ती म्हणाली की मी येते” हे रोजचं मराठी आहे. तिथे ‘मी’चं ‘ती’ करायची गरजच पडत नाही. इंग्रजीत तशी जोडणी केली की सर्वनाम आणि काळ दोन्ही फिरवावे लागतात, म्हणून तिथल्या लेखनपुस्तिकांत चौकटी कंसांची उदाहरणं पानंच्या पानं असतात. त्यातली काही तर निव्वळ पहिलं अक्षर मोठं की लहान एवढ्यासाठीच. आपल्या लिपीत ती भानगडच नाही. तेव्हा पहिला पर्याय हा:

> आजी सांगतात, “मी लग्न होऊन इथे आले तेव्हा विहिरीला पाणी होतं, पण आम्हाला ते भरू देत नव्हते.”

पूर्ण वाक्य तुमच्या वाक्यात ओवायचंच असेल, तर अवतरण छोटं करा. व्याकरणाला अडणारे शब्द म्हणजे ‘मी’, ‘आले’ आणि ‘इथे’. ते अवतरणाबाहेर काढून स्वतःच्या शब्दांत सांगा. जे शब्द त्यांच्याच तोंडून ऐकू यायला हवेत, तेवढेच आत ठेवा:

> लग्न होऊन आजी गावात आल्या तेव्हा “विहिरीला पाणी होतं, पण आम्हाला [वस्तीतल्या बायकांना] ते भरू देत नव्हते” असं त्या सांगतात.

इथे एकच चौकट आहे, आणि तिने ‘आम्हाला’ची जागा घेतलेली नाही. ती त्याच्या शेजारी उभी आहे. हा फरक मी फार मानतो. शब्द काढून त्या जागी चौकट टाकली, की मूळ शब्द वाचणाऱ्याला परत मिळत नाही. शब्द ठेवून शेजारी चौकट टाकली, तर तुमचं स्पष्टीकरण चुकलं तरी आजींचं बोलणं शाबूत राहतं. शेजारचा मजकूर मात्र मूळ शब्दाच्याच विभक्तीत हवा. ‘आम्हाला [वस्तीतल्या बायका] ते भरू देत नव्हते’ असं लिहिलंत, तर बायकाच अडवणाऱ्या ठरतील. आणि ‘वस्तीतल्या बायकांना’ हे तुम्हाला मुलाखतीतून माहीत असेल तरच लिहा. नुसता अंदाज असेल तर चौकट रिकामी सोडण्यापेक्षा टाकूच नका.

बदली करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अख्खा शब्द बदला, शब्दाचं शेपूट नव्हे. रोमन लिपीत शब्दाच्या शेवटी दोन अक्षरं चौकटीत टाकता येतात. देवनागरीत मात्रा एकटी उभी राहत नाही. ‘मुलग[ी]’ टाइप करून पाहा, पडद्यावर वेलांटीआधी ठिपक्यांचं वर्तुळ येईल, छापखान्यात आणखी काहीतरी. सरळ ‘[मुलगी]’ लिहा.

विभक्तीचंही तसंच. शब्दाचं रूप बदलत नसेल तर प्रत्यय अवतरणचिन्हाबाहेर सुखाने राहतो. मी वर ‘आम्हाला’मध्ये असं लिहिलंच आहे. पण कोणी “बारमाही पाणी” म्हटलं असेल आणि तुम्हाला ‘त’ लावायचा असेल, तर ‘पाणी’चं ‘पाण्या’ होतं आणि अवतरण मोडतं. तिथे “बारमाही [पाण्यात]” अशी कसरत करू नका. “बारमाही पाणी” या आश्वासनात, असं लिहा. प्रत्ययाचं ओझं ‘आश्वासन’ उचलेल.

सर्वनाम बदलताना मराठीत आणखी एक खड्डा आहे: ‘आपण’ आणि ‘आपला’. टिळकांचं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य घ्या, “स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे”. आता लिहिलं, ‘स्वराज्य हा “[आपला] जन्मसिद्ध हक्क” असल्याचं टिळकांनी ठणकावलं’. हा ‘आपला’ म्हणजे टिळकांचा स्वतःचा की आपणा सर्वांचा? वाचणारा बहुधा दुसरा अर्थ घेईल, आणि मूळ वाक्यातला ‘माझा’चा ठसका गेला. त्यापेक्षा ‘माझा’ आत राहू द्या: स्वराज्य हा “माझा जन्मसिद्ध हक्क” आहे, असं टिळकांनी ठणकावलं. पुढच्या भागात तर ‘मिळवणारच’मधल्या ‘च’वर सगळा भार आहे. तिथे सोयीसाठी ‘[मिळवतील]’ केलंत तर व्याकरण जुळेल आणि निर्धाराचं साधं भाकीत होईल. ‘च’, ‘तरी’, ‘म्हणे’, ‘ना’ असे शब्द ज्या क्रियापदाला चिकटलेत, त्याला चौकटीत घालू नये असं माझं मत आहे.

‘आपण’ने मलाच एकदा तोंडघशी पाडलंय. एका गावाच्या स्मरणिकेत निवृत्त शिक्षकांचं भाषण घेतलं होतं. त्यात ते म्हणाले होते, “आपण ओढा बुजवला.” लेखातल्या वाक्यात बसवायला मी केलं, “[गावकऱ्यांनी] ओढा बुजवला”. ‘बुजवला’ हे ‘ओढा’प्रमाणे चालतं, कर्ता कोणीही असो. त्यामुळे वाक्यात कुठेही कुरकुर झाली नाही, मलाही नाही, संपादकांनाही नाही. स्मरणिका छापून आल्यावर गुरुजींचा फोन आला, “मी मला वगळलं नव्हतं हो.” ते अगदी शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. गुरुजींनी स्वतःला आणि समोर बसलेल्यांना, सगळ्यांनाच ओढ्याच्या काठावर उभं केलं होतं. माझ्या चौकटीने सगळ्यांना घरी पाठवलं.

तेव्हापासून चौकट टाकली की मी दोनदा तपासतो. आधी अवतरणचिन्हं आणि कंस नाहीत असं समजून पूर्ण वाक्य मोठ्याने वाचतो. जीभ अडखळली नाही तर व्याकरण जुळलं. मग उलट करतो: चौकट झाकून तिथे मूळ शब्द परत ठेवतो आणि किती माणसं होती, कोण होती, कधीची गोष्ट, किती खात्रीने सांगितली, यातलं काही हललं का ते पाहतो. ओढ्याचं वाक्य पहिल्या तपासणीत पास झालं असतं, दुसरीत पडलं असतं.

एक शेवटची गोष्ट. आजींनी ‘होतं’ म्हटलंय, ते प्रबंधाच्या भाषेत ‘होते’ करू नका. तिथे चौकटही टाकू नका, कारण बदलायचंच नाहीये. ‘पाणी होते’चा अर्थ तोच राहील, पण आवाज आजींचा राहणार नाही. बोलीतला एखादा शब्द छपाईची चूक वाटेल अशी भीती असेल, तर त्याच्यापुढे ‘[मुळात असेच]’ लिहा. तेही एकदाच, दर ओळीला नको. दर ओळीला लिहिलं तर आजींच्या चुका काढल्यासारखं दिसतं.