खाकी आणि छद्मावरण

प्रश्न: खाकी वर्दी आणि हिरव्या-तपकिरी धब्ब्यांचा लष्करी गणवेश, दोन्हींना 'छद्मावरण' म्हणता येईल का? की खाकी हा नुसता रंग?

म्हणता येईल, पण दोघांची युक्ती वेगळी आहे. खाकी रंग जमिनीत मिसळतो, धब्बे माणसाचा आकार मोडतात.

'जळून खाक' या प्रयोगामुळे खाक म्हणजे राख, असं आपल्या मनात बसलंय. फारसीत 'खाक' म्हणजे मुळात धूळ, माती. १८४०च्या दशकात हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशावरला 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभारली आणि तिला मातकट कपडे दिले. तेव्हा इंग्रजांचं नेहमीचं पायदळ लाल डगल्यात लढत होतं. त्यालाही कारण होतं: बंदुकीच्या काळ्या दारूच्या धुरात आपला कोण, परका कोण, हे भडक रंगावरून ओळखू येई. १८८०च्या दशकात बिनधुराची दारू आली, बंदुकांचा पल्ला वाढला आणि तोच रंग जिवावर उठला. तरीही फ्रेंच शिपाई १९१४मध्ये लाल विजारी घालूनच महायुद्धात उतरले.

'कॅमोफ्लाज' हा शब्दही फ्रेंचच. 'कॅमुफ्ले' म्हणजे वेश पालटणं, सोंग घेणं. म्हणून 'छद्म' त्याला छान बसतो. १९१५मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकार गिराँ द सेव्होला याच्या हाताखाली खास पथक उभारलं आणि तोफांवर रंगवलेली कापडं चढू लागली. छापील नक्षीचं कापड इटलीने १९२९मध्ये आणलं, तेही आधी तंबूसाठी. अंगावरचे कपडे नंतर.

आता धब्बे काम कसं करतात ते पाहा. लांबून डोळा माणूस ओळखतो तो डोकं-खांदे-हात यांच्या कडेवरून. गडद आणि फिकट पट्टा ती कड ओलांडून गेला, तर गडद भाग मागच्या सावलीत जातो, फिकट भाग उन्हातल्या पाचोळ्यात, आणि खांद्याची रेषा सलग उरत नाही. त्यासाठी गडद-फिकटातला फरक ठळक हवा आणि धब्बे पुरेसे मोठे हवेत. धब्बे बारीक आणि रंग जवळजवळचे असले, तर काही अंतरावरून सगळे मिळून एकच रंग दिसतो.

अमेरिकी सैन्याने २००४मध्ये स्वीकारलेल्या चौकटी-चौकटींच्या करड्या-हिरवट नक्षीचं हेच झालं. त्यात काळा रंग नव्हताच. दुरून शिपाई फिकट, सलग आकृती दिसायचा, आणि अफगाणिस्तानातल्या तुकड्यांना २०१०पासून दुसरी नक्षी द्यावी लागली. नक्षी असूनही तो गणवेश शेवटी खाकीसारखा एकरंगीच ठरला, आणि तोही जमिनीशी न जुळणारा.

म्हणून नेमकं लिहायचं असेल तेव्हा मी खाकीला 'मातकट गणवेश' आणि दुसऱ्याला 'आकारभंजक नक्षी' म्हणते. 'छद्मावरण' दोघांच्या वर ठेवावा.