बिलात राहून गेलेले साडेसहा हजार

"मी फ्रीलान्स डिझायनर आहे, म्हापशाला राहते. एका गेस्टहाऊसच्या कामाचं बिल पाठवलं आणि दोन दिवसांनी कळलं, की एक काम लिहायचंच राहिलं. वाढीव रकमेची मेल लिहायला बसले की हात थांबतो. मालकांना वाटेल, मी मागाहून पैसे उकळतेय. सोडून देऊ का?"

तिनं माझ्यासमोर मोबाईलवरचा मसुदा उघडला. सुरुवातीला तीन परिच्छेद माफी, रक्कम अगदी तळाशी आणि शेवटी एक ओळ: "तुम्हाला योग्य वाटत नसेल तर राहू द्या, सर." मला सगळ्यात जास्त ती ओळ खटकली. ती वाचून मालकांना वाटलं असतं, की हे पैसे ऐच्छिक आहेत, किंवा हिलाच त्यांची खात्री नाही.

मी आधी कोटेशन काढायला लावलं. लोगो १८,०००, मेनूकार्ड १२,०००, बाहेरचा फलक ८,००० आणि खोल्यांच्या पाट्या ६,५००. मालकांनी "ठीक आहे, सुरू करा" असं लेखी कळवलेलं होतं. बिलात पाट्या नव्हत्या, म्हणून बेरीज ३८,००० आली होती. कोटेशनमध्ये पाट्या नसत्या, तर मी तिला ही मेल लिहू दिली नसती. मग ती झालेल्या चुकीची दुरुस्ती राहिली नसती, नव्या पैशांची मागणी झाली असती, आणि त्यासाठी आधी फोनवर बोलावं लागतं.

मग तिनं पुन्हा लिहिलं:

"नमस्कार सर, बिल क्र. १४ मध्ये खोल्यांच्या पाट्यांचे ६,५०० रुपये लिहायचे माझ्याकडून राहिले. बरोबर एकूण रक्कम ३८,००० नसून ४४,५०० रुपये आहे. ही रक्कम आपण मंजूर केलेल्या कोटेशनप्रमाणेच आहे. कोटेशन सोबत जोडलं आहे. जुनं बिल रद्द समजावं, सुधारित बिल क्र. १४-अ जोडलं आहे. ३८,००० आधीच पाठवले असतील, तर फक्त ६,५०० बाकी राहतात. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

माफी एकदाच, तीही शेवटी. रक्कम, फरक आणि कारण आधी, कारण मालक तेच शोधत असतात. पैसे दिले असतील तर काय, ही ओळ मी मुद्दाम घालायला लावली. नाहीतर नवं बिल पाहून पूर्ण ४४,५०० पुन्हा मागितले, असा गैरसमज होतो.

तिची जीएसटी नोंदणी नव्हती, म्हणून जुनं बिल रद्द करून नवं देणं पुरेसं होतं. नोंदणी असती, तर कमी आकारलेल्या रकमेची डेबिट नोट काढावी लागली असती. तेव्हा आधी आपल्या सीएंना विचारावं.

"पण ते चिडले तर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चिडले तरी कोटेशन त्यांच्यापुढे असेल. तुम्हाला बाजू मांडत बसावं लागणार नाही."

मेल तिनं माझ्यासमोरच पाठवली. संध्याकाळी तिचा मेसेज आला. मालकांनी लिहिलं होतं, "पाट्या बिलात धरल्याच आहेत असं मी समजलो होतो. सोमवारी पाठवतो."