बँकेच्या दारात नऊ वर्षे

प्रश्न: केंद्र सरकारच्या नोकरीतून 2003 साली निवृत्त झालो. वेतनश्रेणी 5000-8000, शेवटच्या वर्षी मूळ पगार 7,100 रुपये. सातव्या आयोगानंतर बँकेने मूळ पेन्शन 20,620 केली. माझ्याच पगारावर, माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या सहकाऱ्याची 22,450 आहे. बँकेत तीनदा अर्ज दिले. 2016 पासूनचा फरक मिळेल ना? (एक वाचक, कळवा)

बँकेचा आकडा चुकलेला नाही, अपुरा आहे. तुमची पेन्शन तेव्हा 3,550 होती, सहाव्या आयोगात ती 8,023 झाली आणि तिला 2.57 ने गुणून बँकेने 20,620 काढले. पण 12 मे 2017 च्या आदेशाने दुसरी रीत दिली: तुमचा पगार कागदावर एकेका आयोगात बसवत आणायचा आणि त्याच्या निम्मी पेन्शन धरायची. 7,100 चे 1.86 पटीने 13,210, त्यात ग्रेड पे 4,200, म्हणजे 17,410. त्याची 2.57 पट 44,744. सातव्या आयोगाच्या पगार-तक्त्यात लेव्हल 6 मध्ये त्यापुढचा आकडा 44,900. निम्मे 22,450. दोहोंपैकी जास्त ती तुमची.

ही दुसरी रीत बँक करत नाही. तुमचे शेवटचे कार्यालय पगार बसवते, लेखा कार्यालय आणि केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयामार्गे सुधारित आदेश बँकेत येतो, मगच पैसे. तीन अर्ज चुकीच्या खिडकीवर गेले, आणि याची मला खरोखर चीड येते, कारण सगळे मुदतीवर ठरते.

तरसेम सिंग प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे: कमी पेन्शनची तक्रार उशिरा आली तरी ऐकता येते, पण थकबाकी सहसा दावा दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांचीच. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात गेलात, तर 2023 पासूनचा फरक पकडता येईल. आधीचे 84 महिने, दरमहा 1,830 प्रमाणे 1,53,720 रुपये, महागाई भत्ता वेगळा, धोक्यात. पुढे ढकललेला प्रत्येक महिना मागचा एक महिना खातो. नुसते स्मरणपत्र पाठवून मुदत थांबत नाही.

म्हणून याच आठवड्यात जुन्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने अर्ज करा. पीपीओ या मूळ पेन्शन आदेशाची प्रत, शेवटच्या पगाराचा दाखला, सहकाऱ्याच्या सुधारित आदेशाची प्रत आणि वरची आकडेमोड जोडा. कार्यालयाने आपणहून सुधारणा केली तर 2016 पासूनची थकबाकी मिळू शकते. न्यायालयात तो भरवसा कमी. सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर पुढच्या एका वर्षात दाखल करा, पण तेवढे थांबू नका. व्याज मिळेलच असे सांगत नाही.

आदेश आला की त्यावर काल्पनिक पगार 44,900 लिहिलेला आहे का, ते आधी पाहा. मग बँकेकडून थकबाकीचा महिनावार तक्ता मागा. प्रत्येक ओळीत फरक 1,830 हवा आणि त्यावर त्या महिन्याचाच भत्ता: जानेवारी 2016 ला शून्य, जानेवारी 2024 ला 50 टक्के, म्हणजे 915. ऐंशी ओलांडली असेल, तर त्या महिन्यापासूनची 20 टक्के वाढही 22,450 वरच मोजलेली हवी.