लेव्हल लूपची स्टेप टेस्ट : पातळी थांबत नसेल तर ट्यूनिंग कसे करावे?

प्रश्न : तळोज्याला आमच्या प्लांटमध्ये टाकीच्या आउटलेट व्हॉल्व्हवर लेव्हल कंट्रोल आहे. स्टेप टेस्ट घेतली, पण लेव्हल नवीन जागी थांबतच नाही, मग टाइम कॉन्स्टंट कुठून काढू? गेन ०.६, इंटिग्रल २ मिनिटे असताना लेव्हल साधारण २६ मिनिटांच्या चक्रात हलायची. गेन ०.३ केला तर चक्र ३७ मिनिटांचे झाले आणि हेलकावे उलट वाढले. चूक कुठे आहे?

उत्तर : तुमच्या टेस्टमध्ये काहीही चुकलेले नाही. टाइम कॉन्स्टंट मिळतो तो तापमानासारख्या लूपमध्ये. तापमान वाढले की उष्णतेचा ऱ्हासही वाढतो, म्हणून ते कधीतरी स्थिरावते आणि त्याच्या आलेखावर ६३ टक्क्यांचा बिंदू शोधता येतो. तुमच्या टाकीतून पंप पाणी ओढत असेल, तर पातळी वाढल्याने बाहेरचा प्रवाह फारसा बदलत नाही. आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी यांत फरक आहे तोवर पातळी सरकतच राहते, त्यामुळे इथे टाइम कॉन्स्टंट शोधायचा नसतो, तर उतारातला बदल मोजायचा असतो.

त्यासाठी पातळी मध्यावर असताना लूप मॅन्युअलवर घ्यावा आणि ट्रेंडवर सरळ रेषा दिसेपर्यंत थांबावे. ही रेषा आडवी असलीच पाहिजे असे नाही. समजा, व्हॉल्व्ह ५० टक्क्यांवर असताना पातळी मिनिटाला ०.१ टक्का चढत होती आणि तो ५५ टक्के केल्यावर अर्ध्या मिनिटाने ती मिनिटाला ०.९ टक्का उतरू लागली. उतारातला बदल १ टक्का, व्हॉल्व्हचा बदल ५ टक्के, म्हणून प्रक्रियेचा गेन प्रतिमिनिट ०.२ आणि डेड टाइम ०.५ मिनिट. नंतर व्हॉल्व्ह ४५ टक्क्यांवर आणून उलट दिशेचा उतारही मोजावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर टेस्टच्या दरम्यान आवक बदलली असण्याचा संशय घ्यावा. रबाळ्याला माझी पहिली टेस्ट अशीच वाया गेली होती, कारण मागच्या टाकीचा पंप फ्लोट स्विचवर मध्येच सुरू झाला आणि मी मात्र सगळा बदल व्हॉल्व्हच्या नावावर मांडला.

आता उरते एकच निवड, ती म्हणजे आवक अचानक बदलली तर पातळी किती वेळात आवरायची. या वेळेला λ म्हणू या. सूत्रे अशी आहेत :

```
Ti = 2λ + θ
Kc = Ti / (k (λ + θ)²)
```

इथे `Kc` हा कंट्रोलरचा गेन, `Ti` ही इंटिग्रलची वेळ, `k` हा वर काढलेला प्रक्रियेचा गेन आणि `θ` हा डेड टाइम. λ ५ मिनिटे धरल्यास `Ti` १०.५ मिनिटे आणि `Kc` सुमारे १.७ येतो. λ मनाला येईल तसा घेऊ नये. आवक एकदम इतकी वाढली की ती पेलायला व्हॉल्व्ह आणखी १० टक्के उघडावा लागेल, तर या सेटिंगवर पातळी सुमारे ४ टक्के वर जाऊन परत फिरेल. तेवढी जागा टाकीत असेल तर λ योग्य आहे. त्याहून जास्त असेल तर तो वाढवावा, म्हणजे पुढच्या यंत्रणेला प्रवाहाचे धक्के कमी बसतील.

ही उत्तरे पाहिली की तुमच्या हेलकाव्यांचे कारणही कळते. या प्रकारच्या लूपमध्ये `k`, `Kc` आणि `Ti` यांचा गुणाकार ४ च्या आसपास असावा लागतो. वरचाच `k` धरला तर तुमच्याकडे तो ०.२ × ०.३ × २ म्हणजे फक्त ०.१२ आहे. इंटिग्रल घाईत आहे आणि त्याला लगाम घालणारा प्रपोर्शनल भाग दुबळा आहे. अशा वेळी गेन आणखी कमी केला की लगामच सैल होतो आणि चक्र लांबते, तुम्ही पाहिले तेच. डगमगणाऱ्या लूपचा गेन कमी करायचा ही तापमानाच्या लूपवर लागलेली सवय इथे नेमकी उलटी पडते.

आकडे भरण्यापूर्वी कंट्रोलरचे एकक तपासावे. इंटिग्रल सेकंदांत मागणाऱ्या कंट्रोलरला १०.५ नव्हे, ६३० द्यावे लागतात, आणि प्रपोर्शनल बँड मागणाऱ्याला सुमारे ५८ टक्के. डेरिव्हेटिव्ह शून्यच ठेवावा, कारण पाण्याच्या पृष्ठभागावरची खळबळ तो थेट व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवतो.

एवढे करूनही चक्र राहिले, तर व्हॉल्व्हकडे पाहावे. मॅन्युअलवर अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने आउटपुट वाढवत जावे आणि मग तसेच कमी करत यावे. दिशा बदलताना दोन-तीन टक्के जाईपर्यंत फ्लोमीटर हललाच नाही, तर ग्लँड घट्ट झाली आहे किंवा पोझिशनर नीट काम करत नाही. अडकणारा व्हॉल्व्ह आणि इंटिग्रल एकत्र आले की लेव्हल लूप कोणत्याही आकड्यांवर झुलतच राहतो, तिथे आधी व्हॉल्व्हची दुरुस्ती करून मग पुन्हा उतार मोजावा.