लाँचच्या आधी प्री-मॉर्टेम घेतल्याने टीम खचत नाही का? आणि ते नेमकं घ्यायचं कसं?

प्री-मॉर्टेम म्हणजे काम आपटलंय असं आधीच धरून त्याची कारणं शोधायची. त्याने टीम कशाला खचेल? तिच्या पोटात ती भीती आधीपासूनच असते, फक्त बोलायची सोय नसते. खचतो तो साहेब.

2022 ची गोष्ट. मी अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला होते. दादर, गिरगाव, पार्ल्याच्या मिठाईवाल्यांसाठी मोदकांची आगाऊ ऑर्डर घेणारं अ‍ॅप. चतुर्थी 31 ऑगस्टला, लाँच 26 ला. दोन दिवस आधी सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "कुणाला काही शंका?" असं विचारल्यावर कोण बोलतं? सगळे मान खाली घालून बसले. मी म्हटलं, "सर, ओटीपीचा मेसेज मार्केटिंगने काल बदललाय, आणि खरा मेसेज आपल्या कुणाच्या फोनवर अजून आलेला नाही." सर हसून म्हणाले, "अगं, शुभ बोल." पुढचं 'नाऱ्या' त्यांनी गिळलं, पण सगळ्यांना ऐकू आलं. मी गप्प बसले.

मार्केटिंगने केलं होतं एवढंच, की मेसेजच्या सुरुवातीला 'गणपती बाप्पा मोरया!' जोडलं. पण मेसेजचा मजकूर मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-पोर्टलवर आधी नोंदवलेला असावा लागतो आणि ऑपरेटर प्रत्येक मेसेज त्या नोंदीशी ताडून बघतो. ओटीपीसाठी मोकळ्या सोडलेल्या जागी आकडा बदलला तर चालतो, बाकीचा मजकूर जुळला नाही की मेसेज अडतो. मार्च 2021 मध्ये ही ताडणी सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले होते आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती आठवड्यासाठी थांबवावी लागली होती. म्हणजे हे काही गुपित नव्हतं. पण आमच्या टेस्ट सर्व्हरवर ओटीपी कायम 123456, ऑफिसातले सगळे फोन आधीच लॉगिन झालेले, आणि एसएमएसवाल्याकडून 'स्वीकारला' असं उत्तर व्यवस्थित येत होतं. स्वीकारला म्हणजे पोचला नव्हे. ते डिलिव्हरी रिपोर्टात दिसतं, आणि तो कुणी उघडलाच नव्हता. शुक्रवारी सकाळी जाहिरात गेली, दुपारपर्यंत एकही नवीन ग्राहक आत येऊ शकला नाही. जुना मजकूर परत लावायला वीस मिनिटं लागली, चूक सापडायला पाच तास.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळलं की बॅकएंडच्या मुलालाही शंका होती आणि कस्टमर केअरच्या ताईंनाही. तिघांना माहीत, तिघेही गप्प.

आता तुमचं 'कसं'. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने 2007 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ही पद्धत मांडली, आणि तिची सगळी गंमत व्याकरणात आहे. "काय चुकू शकेल?" असं विचारायचं नाही. "आज अनंत चतुर्दशी आहे, आपलं अ‍ॅप सपशेल आपटलंय, का आपटलं ते लिहा," असं भूतकाळात सांगायचं. मग शंका काढणारा अपशकुनी ठरत नाही. आपटलंय हे सगळ्यांनी धरूनच चाललंय, तो फक्त कारण सांगतोय. तीन मिनिटं सगळे चिठ्ठीवर गुपचूप लिहितात, मग एकेक जण एकच कारण वाचतो, फेरीमागून फेरी. क्लाइनच्या पद्धतीत सुरुवात प्रकल्पप्रमुखाने करायची असते. त्याने पहिली चिठ्ठी स्वतःच्या चुकीची वाचली तरच पुढचे खरं बोलतात, एरवी नाही.

पुढच्या नोकरीत मी हे नऊ जणांत घेतलं, तासाभरात. सत्तावीस चिठ्ठ्या आल्या, सारख्या एकत्र केल्यावर अकरा कारणं उरली, त्यातली चार धरली. प्रत्येकाला एक माणूस, एक तारीख आणि 'बिघडायला लागलंय हे कशावरून कळेल' याची एक खूण. ओटीपीची खूण होती डिलिव्हरी रिपोर्ट: पाठवलेले किती, पोचलेले किती, लाँचच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी. सर्वांत मोलाची चिठ्ठी डिलिव्हरी बघणाऱ्या दादांची होती, "विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद, गाड्या परळला अडकल्या." इंजिनिअर मंडळींच्या हे डोक्यातही नव्हतं. म्हणून अशा माणसांना बोलवाच.

हो, एक राहिलं. हे लाँचच्या आदल्या दिवशी घेऊन काही होत नाही. मजकूर पुन्हा नोंदवायला, गाड्यांचे मार्ग बदलायला वेळ हाती असला पाहिजे, तुमच्याकडे महिना आहे तर याच आठवड्यात घ्या. आणि खोलीतल्या कुणालाच जे माहीत नाही ते यातून निघत नाही. तारीख पुढे ढकलायचा अधिकार असलेला माणूस खोलीत नसेल तर चिठ्ठ्या फाडून टाका.

ते सर मध्यंतरी दादर स्टेशनच्या पुलावर भेटले. अजून म्हणतात, एसएमएसवाल्याची चूक होती. मजकूर बदलायला त्यांनी 'ओके' म्हटलेली मेल माझ्याकडे अजून आहे.